मूल्यशिक्षण : द्विधा-चर्चेची पद्धत

प्रामाणिकपणा, समता, सहिष्णुता, श्रमप्रतिष्ठा यांसारखी मूल्ये विद्यार्थ्यांच्या विचारात आणि वागण्यात यावीत म्हणून शाळेत केलेले शिक्षण म्हणजे मूल्यशिक्षण. ते उपदेशाने द्यावे की अन्य मार्गाने, हा या विषयातील जुना वाद आहे. उपदेश टाळू पाहणाऱ्या पद्धतींपैकी नैतिक पेचावरची वर्गचर्चा, म्हणजेच द्विधा-चर्चा, ही सर्वांत तपासली गेलेली पद्धत असल्याने या नोंदीत तिचाच विस्ताराने विचार केला आहे.

महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षणाची मुख्य जागा म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा त्याचा क्रम असतो. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता ही दहा मूल्ये राज्यातल्या बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ आहेत. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या अनुच्छेद 28 ने मनाई केली असल्यामुळे नीतिपाठाला धर्मग्रंथाऐवजी अशा मूल्यांच्या यादीचा आधार घ्यावा लागला. यादीत वावगे काही नाही. अडचण येते ती बोधकथेच्या शेवटी. ‘तात्पर्य’ आधीच ठरलेले असते, ते मुलांना ठाऊक असते आणि मुलांना ते ठाऊक आहे हे शिक्षकालाही ठाऊक असते. अशा पाठात विचार करण्याजोगे काही उरत नाही.

नुसत्या सांगण्याचा वागण्यावर किती परिणाम होतो, हे ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी 1920 च्या दशकात अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांवर तपासले. त्यांची एक युक्ती साधी होती. मुलांच्या उत्तरपत्रिका जमा करून त्यांची गुपचूप नोंद ठेवायची, मग त्याच उत्तरपत्रिका परत देऊन मुलांनाच आपापले गुण मोजायला सांगायचे. कोणी कुठे खाडाखोड केली, हे पुढे दोन्ही ताडून पाहिले की कळत असे. 1928 ते 1930 या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांनी त्या काळच्या नीतिशिक्षकांना चांगलाच धक्का दिला. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक असे. पकडले जाण्याची भीती, वर्गातले वातावरण आणि सोबतची मुले काय करतात, यावर बरेच अवलंबून होते. नीतिपाठ ऐकलेली मुले त्यामुळे अधिक प्रामाणिक झाल्याचे काही दिसले नाही.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958 च्या आपल्या प्रबंधात वेगळा प्रश्न घेतला. मूल काय ठरवते यापेक्षा ते तसे का ठरवते, हे त्यांनी पाहिले. शिक्षेच्या भीतीपासून देवघेव, चारचौघांची मान्यता, कायदा आणि शेवटी तत्त्व अशा टप्प्यांनी कारणे बदलत जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एका गटाशी बारा आठवडे नैतिक पेचांवर चर्चा केली, तेव्हा अर्ध्याहून अधिक मुलांची कारणे वरच्या टप्प्यावर गेलेली आढळली. नेहमीच्या शाळांत हाच प्रयोग केल्यावर परिणाम बराच कमी, सरासरीने साधारण एक-तृतीयांश टप्पा इतका दिसला. सुरुवातीला असा समज होता की, शिक्षकाने मुलांपेक्षा एक टप्पा वरचे कारण पुढे ठेवावे. नंतरच्या अभ्यासांत मात्र मुले एकमेकांचा युक्तिवाद उचलतात, वाढवतात किंवा खोडतात, तेव्हाच खरे काम होते असे दिसून आले. हे समजल्यावर शिक्षकाने किती बोलावे, याचे उत्तर बरेच सोपे होते.

जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातील गेओर्ग लिंड यांनी याच निष्कर्षावर आपली रीत बेतली. तिच्यासाठी सलग नव्वद मिनिटे लागतात, म्हणजे आपल्याकडे जोडून घेतलेल्या दोन तासिका आणि थोडी मधली सुट्टी. गोष्टीतल्या व्यक्तीने निर्णय आधीच घेतलेला असतो. ‘तू काय करशील?’ असे मुलांना विचारले की ती शहाण्यासारखे उत्तर देतात. ‘तिने केले ते बरोबर की चूक?’ असे विचारले की बोलायला मोकळीक मिळते.

उदाहरणादाखल मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेत शोभेल असा एक पेच घेऊ. नववीतली रुक्मिणी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि मार्चअखेर परतली. नापास झाली तर शाळा बंद आणि लग्न, असे घरच्यांनी बजावले आहे. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला ती चिठ्ठीवरून लिहिताना वर्गाची मॉनिटर सुनीताने पाहिले. पेपर संपल्यावर सरांनी सुनीताला विचारले, “वर्गात कोणी कॉपी केली का?” सुनीता म्हणाली, “नाही सर.”

गोष्ट सांगून झाली की पहिले काम मतदान नव्हे. यात अवघड काय आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यायचे. वर्गाला यात पेचच दिसला नाही, तर पुढची सव्वा तासाची मेहनत वाया जाते. मग हात वर करून मतदान. प्रत्येकाने बाजू घ्यायची आणि आकडे फळ्यावर लिहायचे. त्यानंतर एकाच मताची तिघे-चौघे मिळून आपापली कारणे गोळा करतात. आपल्या पन्नास-साठ मुलांच्या वर्गात बाके हलवायला जागा नसते. मागच्या बाकावरच्यांनी पुढच्यांशी तोंड वळवून बसावे, एवढ्यावर भागते.

मुख्य चर्चेला दोनच नियम असतात. काहीही बोलावे, मात्र कोणा माणसाला चांगला-वाईट ठरवू नये. आणि ज्याचे बोलून झाले, त्यानेच समोरच्या बाजूच्या कोणाला तरी बोलायला निवडावे. दुसरा नियम दिसतो किरकोळ, पण परिणाम त्याचाच मोठा आहे. बोलण्याची पाळी शिक्षकाच्या हातून सुटते, नेहमी हात वर करणाऱ्या चार हुशार मुलांची मक्तेदारी मोडते आणि आपला मुद्दा खोडणाऱ्याचे ऐकणे भाग पडते.

रुक्मिणीच्या पेचात पहिली वाक्ये ठरलेलीच येतात : “खोटे बोलणे वाईट”, “मैत्रिणीला वाचवायला हवे”. दहा-पंधरा मिनिटांनंतर सूर बदलू लागतो. कोणी म्हणते, मॉनिटर होताना सुनीताने जबाबदारी घेतली होती, नको होती तर आधीच सोडायची. दुसरे कोणी म्हणते, रात्र रात्र अभ्यास करून पस्तीस मिळवणाऱ्याचे काय? मग एखादा मुलगा विचारतो, रुक्मिणी पाच महिने फडावर होती तेव्हा शाळेने तिच्यासाठी काय केले? हंगामी वसतिगृह होते, तर तिला तिथे का ठेवले नाही? या प्रश्नासरशी चर्चा दोन मुलींच्या वागण्यावरून नियमाच्या न्याय्यतेवर येते. शिक्षकाने हा प्रश्न पढवून आणलेला असेल, तर मुलांना तो वास लगेच येतो.

चर्चा संपत आली की दोन्ही बाजूंनी समोरच्यांचा आपल्याला सर्वांत पटलेला मुद्दा निवडून सांगायचा. विरोधकाची स्तुती करण्याची ही दहा मिनिटे मुलांना सगळ्यांत जड जातात, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहेत. मग पुन्हा मतदान. आकडे बदललेच पाहिजेत असे नाही. बाजू तीच राहून कारणे बदलली असतील, तरी तास सत्कारणी लागला असे समजावे.

तास फसतो तो बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत. “तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?” हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी इतके रुळलेले असते की ते आपोआप बाहेर पडते, आणि तासभर जे झाले ते फक्त तात्पर्यापर्यंत पोचायची वाट होती, असे मुलांना कळून चुकते. पुढच्या खेपेला ती वाट जवळची करतात आणि पहिल्याच मिनिटाला उत्तर देऊन मोकळी होतात. चर्चेचे प्रवचन होत चालल्याच्या खुणा वर्गात उभे राहून दिसतात. मुले बोलताना एकमेकांकडे न बघता सरांच्या तोंडाकडे बघतात. पहिलेच मतदान एका बाजूला सरसकट जाते. ‘आपण नेहमी खरे बोलले पाहिजे’ अशी पाठ्यपुस्तकी वाक्ये येतात, आणि रुक्मिणी किंवा सुनीता ही नावे कोणाच्या बोलण्यात येत नाहीत.

पेच निवडतानाही पथ्य लागते. वर्गात खरोखर तशी रुक्मिणी बसलेली असेल, तर गोष्ट तिच्या इतकी जवळची असू नये. तिच्या घरावरच बाकीच्यांचा न्यायनिवाडा होईल. ऊसतोडीऐवजी वीटभट्टी घ्यावी, गाव लांबचे घ्यावे. आणि प्रत्येक गोष्ट पेच म्हणून मांडता येत नाही. पोषण आहाराच्या पंगतीत जातीवरून मुलांना वेगळे बसवावे का, यावर दोन बाजू करून मतदान घेणे म्हणजे तटस्थतेच्या नावाखाली केलेला अन्याय. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता रद्द केली आहे, तो प्रश्न वर्गाच्या मतावर सोपवलेला नाही. तिथे शिक्षकाने स्पष्ट सांगायचे आणि त्याच दिवशी पंगत बदलायची. 1970 च्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या ‘मूल्य-स्पष्टीकरण’ पद्धतीवर मुख्य आक्षेप हाच होता. प्रत्येकाने आपले मूल्य आपण शोधावे असे म्हणता म्हणता कोणतेही मूल्य चालेल, असा तिचा अर्थ होऊ लागला.

या पद्धतीची खरी मर्यादा वेगळीच आहे. नीट युक्तिवाद करणारे मूल नीट वागेलच असे नाही, हे हार्टशोर्न आणि मे यांच्या उत्तरपत्रिकांनी आधीच दाखवले होते. कोलबर्ग यांनाही नुसत्या कल्पित पेचांची चर्चा अपुरी वाटू लागली. 1974 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सुरू झालेल्या क्लस्टर स्कूलमध्ये नियम, चोऱ्या, गैरहजेरी हे सगळे विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र सभा घेऊन ठरवत आणि मत प्रत्येकाला एकच असे. महाराष्ट्रात 2009 पासून बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाचा कल याच बाजूचा आहे. संविधानातील मूल्ये पायाशी धरून जोडीत बोलणे, गटात काम करणे, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणे यांवर त्यात भर दिला जातो. मात्र मुलांनी ठरवलेला नियम मुख्याध्यापकांनाही लागू असतो का, यावरून मुले त्या नियमाची किंमत ठरवतात.

मूल्यमापनात हा विषय पुन्हा उपदेशाकडे घसरतो. प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदींत ‘वक्तशीर आहे’, ‘सर्वांशी मिळून-मिसळून वागतो’ अशी वाक्ये वर्षाअखेरीस पन्नास मुलांसाठी एका बैठकीत लिहिली जातात आणि ‘चांगले’ दिसण्याचा सराव तेवढा मुलांना होतो. लिंड यांनी यासाठी एक चाचणी तयार केली. तीत मूल कोणत्या बाजूचे आहे याला महत्त्व नाही. आपल्या मताविरुद्धच्या युक्तिवादांना ते त्यांच्या दर्जानुसार तोलते की नुसते विरुद्ध म्हणून सरसकट झिडकारते, एवढेच मोजले जाते. ही चाचणी एकेका मुलाला गुण देण्यासाठी नसून पद्धत चालते का हे तपासण्यासाठी आहे. त्यामुळे उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव लिहून घेत नाहीत.