प्रोफाइलच्या फोटोवर किती हात फिरवावा?

डेटिंग ॲपवर आपला फोटो पाहणाऱ्याने आपल्याला प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नसतं. ओळखीचा चेहरा आपण अंधुक उजेडातही ओळखतो, दाढी वाढली तरी ओळखतो. अनोळखी चेहऱ्याचं तसं नाही. 2011 साली ब्रिटनमध्ये रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा प्रयोग केला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे मिळून 40 फोटो त्यांनी लोकांसमोर ठेवले आणि एकेका व्यक्तीचे फोटो एकेका गठ्ठ्यात लावायला सांगितलं. गठ्ठे किती करायचे ते सांगितलं नाही. त्या दोघींना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. ज्यांना त्या ठाऊक होत्या त्या डच लोकांनी जवळपास सगळ्यांनीच दोन केले.

त्या फोटोंत चेहऱ्याचा आकार संशोधकांनी बदललेला नव्हता. नुसत्या उजेडाने, कोनाने, केसांच्या ठेवणीने अनोळखी माणसाची इतकी गल्लत होत असेल, तर वर आपण केलेला बदल कुठे जाऊन पोचतो याचा विचार करायलाच हवा.

फोटोतला बदल दोन जातींचा असतो. पहिला रंग-उजेडाचा: सावली हलकी करणं, त्वचा गुळगुळीत करणं, डाग पुसणं. दुसरा आकाराचा: जबडा निमुळता करणं, डोळे मोठे करणं, कंबर आत घेणं. एरिक की आणि हॅनी फरीद या दोन अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये मूळ आणि सुधारलेल्या फोटोंच्या 468 जोड्या तपासून, फोटो मूळ चेहऱ्यापासून किती लांब गेला ते 1 ते 5 या पट्टीवर सांगणारी एक पद्धत मांडली. तिचा पायाच मुळी हे दोन बदल वेगवेगळे मोजण्यावर आहे. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी खरी रेघ इथेच ओढावी. उजेड आणि कातडीचा पोत रोज बदलतो, आणि समोरचाही मनातल्या मनात तेवढी सूट देतो. जबडा मात्र सकाळी, संध्याकाळी, घामात, एसीत तोच असतो.

माझ्या मावसबहिणीचंच उदाहरण घेते. ती फोंड्याला असते. तिची पहिली भेट पणजीत मांडवीच्या काठी ठरली होती. मुलगा वेळेवर आला, दोनदा तिच्याकडे पाहून पुढे गेला आणि थोड्या अंतरावर उभा राहून त्याने तिला फोन लावला. फोन तिच्या हातात वाजला तेव्हा त्याला कळलं. पुढचा तासभर दोघंही अवघडलेले. घरी आल्यावर ती म्हणाली, "ताई, मी काही खोटं लिहिलं नव्हतं गो." लिहिलं नव्हतं हे खरंच. मी तिचा फोटो मोठा करून पाहिला. सेल्फी होता, मागे आमच्या आजोळच्या घराची शिंपल्यांची जुनी खिडकी. त्या खिडकीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट सरळ असते. फोटोत तिच्या गालाशेजारची पट्टी आत वळलेली होती.

हे असं का होतं? ब्युटी फिल्टर चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ, जबडा यांच्या कडेने ठिपके बसवतो, ते जोडून जाळी करतो आणि जबड्याचे ठिपके आत सरकवतो. जाळीबरोबर शेजारचं चित्रही ओढलं जातं. म्हणून दाराची चौकट, फरशीची रेघ, स्कूटरचा आरसा चेहऱ्याजवळ वाकलेला दिसला की आकार हलला आहे असं समजावं. मागे कोरी भिंत असेल तर मात्र ही खूण मिळत नाही.

तिची बाजूही ऐकण्यासारखी होती. "सेल्फीत माझं नाक एवढं मोठं येतं, मग बारीक नको करायला?" तिचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचं कारण अंतरात आहे. समजा, सेल्फी काढताना फोन नाकापासून साधारण 30 सेंटिमीटरवर आहे. कान नाकाच्या शेंड्याच्या मागे सुमारे 12 सेंटिमीटर, म्हणजे फोनपासून 42 वर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानांच्या मानाने नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट वाढतं. तोच फोटो दीड मीटरवरून काढला तर 162 भागिले 150, म्हणजे जेमतेम 1.08 पट. दोन्ही फोटोंची तुलना केली तर सेल्फीतलं नाक कानांच्या मानाने सुमारे 30 टक्के मोठं ठरतं. समोरासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा कोणी एक फुटावरून पाहत नाही, म्हणजे सेल्फी स्वतःच दिशाभूल करतो, आणि तीही आपल्याच विरुद्ध.

पण नाकाची पट्टी सरकवून ही चूक भरून निघत नाही. जवळून काढल्यामुळे कान मागे दडलेले असतात, कपाळ फुगलेलं असतं, हनुवटी लहान झालेली असते. एकटं नाक बारीक केलं की तिसराच चेहरा तयार होतो. त्यापेक्षा फोन दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा, त्याने दीड-दोन मीटर मागे जावं आणि झूम करून काढावं. फोन स्टँडवर ठेवून टायमर लावला तरी चालतं. आधी कॅमेऱ्यातली ब्युटी सेटिंग बंद आहे ना ते बघावं. कित्येक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्यासाठी ती आपण न लावताच चालू असते.

रंगाच्या बदलांत मी बरीच मोकळीक देते, पण तिथेही एक जागा सांभाळायची आहे. मे महिन्यातल्या भर दुपारी गोव्यात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ती सावली हलकी करणं म्हणजे डोळ्यांना जे दिसलं असतं ते परत आणणं. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोचा रंग सुधारणंही तसंच. त्यात अंगातला पांढरा शर्ट पुन्हा पांढरा होतो, आणि चेहराही त्याच्याबरोबर बदलतो. शर्ट होता तसाच राहिला आणि चेहराच तेवढा उजळला, तर तो उजेड सुधारलेला नाही, माणूस गोरा केलेला आहे. आपल्याकडे स्थळासाठी फोटो काढताना स्टुडिओत हेच वर्षानुवर्षं झालं आणि सावळ्या मुलींनी त्याचं दुःख सोसलं. ॲपवर ते आपणच आपल्या हाताने करू नये असं मला मनापासून वाटतं.

डागांसाठी मी काळाचा हिशेब लावते. भेटीपर्यंत जी पुळी आपोआप जाणार, ती पुसली तर काही बिघडत नाही. तीळ, जुना व्रण, गालावरचे वांगाचे डाग भेटीच्या दिवशीही तिथेच असणार, ते ठेवावेत. बहिणीला वांगाबद्दल हे पटायला वेळ लागला. शेवटी तिने डाग ठेवले, नव्या फोटोतली एक पुळी तेवढी काढली.

आता हा फोटो ठीक आहे की नाही हे विचारायचं कोणाला? आई, मैत्रीण, मी, आम्ही सगळ्या निरुपयोगी. डच लोकांसारखं आम्हाला ती कुठल्याही फोटोत ओळखू येते. स्वतःची निवडही भरवशाची नाही, कारण आपला चेहरा तर आपल्या सगळ्यात ओळखीचा. म्हणून तिने तो फोटो माझ्या ऑफिसमधल्या एका बाईंना पाठवला, ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग फोन करून आम्ही त्यांना व्हिडिओवर चौघींचा घोळका दाखवला आणि यातली कोण ते ओळखायला सांगितलं. जुन्या फोटोवरून त्यांनी आधी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. नव्या फोटोवरून पहिल्याच नजरेत बरोबर सांगितलं. एका बाईंच्या उत्तरावर विसंबू नये, आणि जुना फोटो आधी दाखवल्यामुळे दुसऱ्या खेपेला त्यांना सोपंही गेलं असेल. दोन्ही फोटो वेगवेगळ्या अनोळखी माणसांना दाखवले असते तर ही परीक्षा जास्त चोख झाली असती.