‘कामात लक्ष नाही’ असं लिहून काय होतं?

समजा लातूरच्या एखाद्या डाळमिलमधी तुरीची आवक बघणाऱ्या पोराच्या वार्षिक रिव्ह्यूत सुपरवायझरनं लिहिलं, "कामात लक्ष नाही, बेजबाबदार, सुधारणा हवी." आता हे वाचून त्या पोरानं उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं?

क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मधी फीडबॅकवरच्या आधीच्या प्रयोगांचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं फीडबॅकमुळं काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं म्हणणं असं की वाचणाऱ्याचं लक्ष कुठं जातं त्यावर सगळं आहे. कामाकडं गेलं तर माणूस काम दुरुस्त करतो, पण ‘मी कसा आहे’ याकडं गेलं की डोकं स्वतःला वाचवण्यात गुंततं आणि काम राहतं बाजूला. ‘बेजबाबदार’ हा शेरा नेमका तिकडंच ढकलतो.

तेच असं लिहून बघा: "१७ जानेवारीला दुपारी मोंढ्यातून आलेल्या तीन गाड्यांचा ओलावा रजिस्टरला नाही. त्यातल्या एका गाडीचा नंतर १४ टक्के निघाला, आपण १२ च्या वर घेत नाही, ती तूर वाळवण्यात दोन दिवस गेले. बाकी सीझनच्या नोंदी पूर्ण आहेत, फेब्रुवारीत खड्यांची गाडी तूच गेटवर थांबवली. यापुढं ओलावा लिहिल्याशिवाय गाडी खाली करायची नाही, गर्दी असली तर मला फोन कर, माणूस पाठवतो. त्या दिवशी काय अडचण झाली ते सांग."

कधी, काय केलं, त्यानं काय झालं, पुढं काय, बस्स एवढंच. कौतुकही तितकंच नेमकं हवं, नुसतं "मेहनती आहेस" लिहून खाली चूक मांडली की ते तोंडदेखलं वाटतं. आणि हे सगळं लिहायला वर्षभर तारखेसकट टिपणं ठेवावी लागतात, नाहीतर शेवटच्या पंधरा दिवसांतलंच आठवतं आणि त्यावरच वर्षाचा निकाल लागतो.

टोमणा तर लेखी मारूच नये. २००५ च्या एका प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं की आपला उपरोध ७८ टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना ५६ टक्केच कळला, म्हणजे छापाकाट्यापेक्षा जरासंच बरं. समोरासमोर आवाज, चेहरा सांभाळून घेतो, कागदावर ते नसतं, वर तो कागद फाइलला राहतो आणि माणूस चार-चार वेळा वाचतो.

तो अडचणीचा प्रश्न मात्र काढू नका हं. कधी उत्तर येतं की ओलावा मोजायचं मशीन त्या दुपारी दुसऱ्या गोदामात नेलेलं होतं, मग दुसऱ्या मशीनची मागणी मालकाकडं सुपरवायझरलाच लिहावी लागते.