दहा हप्ते विरुद्ध पंचवीस हप्ते

‘चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य’ असं आइन्स्टाइन म्हणाला होता, हा संदेश मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच. तो असं म्हणाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आणि आश्चर्य कसलं? व्याजावर व्याज म्हणजे शाळेतला गुणाकार. पण त्या गुणाकारात एक गंमत आहे, ती मात्र या संदेशांत कधी सापडत नाही.

दोन जुळ्या बहिणी घ्या. पहिली पंचविसाव्या वर्षापासून दर वर्षाअखेर १०,००० रुपये टाकते आणि दहा हप्त्यांनंतर थांबते. दुसरी तेव्हा सुरू करते आणि साठीपर्यंत पंचवीस हप्ते भरते. व्याज दोघींना ८ टक्के. साठीला पहिलीकडे सुमारे ९ लाख ९२ हजार असतात, दुसरीकडे ७ लाख ३१ हजार. खिशातून एक लाख घालणारी अडीच लाख घालणारीच्या पुढे!

का, ते पस्तिसाव्या वर्षी दिसतं. तेव्हा पहिलीकडे १,४४,८६६ रुपये आहेत, दुसरीकडे शून्य. आता दोघींमधल्या या अंतराकडेच बघा. पुढच्या वर्षी त्यावर ११,५८९ रुपये व्याज चढतं आणि दुसरीच्या हप्त्यामुळे ते १०,००० नी घटतं. म्हणजे हप्ता भरूनही अंतर वाढलंच. पुढच्या वर्षी आणखी वाढेल. तेवढाच हप्ता दुसरीनं शंभर वर्षं भरला, तरी ती पहिलीला गाठणार नाही.

व्याज हप्त्याला मागे टाकतं तो उंबरठा कुठे येतो? पैसे एकदा दुप्पट व्हायला जेवढा काळ लागतो, बरोबर तिथे. ७२ ला व्याजदरानं भागलं की तो काळ अंदाजे कळतो. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीच्या १४९४ सालच्या ग्रंथातही हा नियम आहे. ८ टक्क्यांना ९ वर्षं. पहिलीनं नऊच हप्ते भरले असते, तर दहाव्या वर्षी तिचं व्याज ९,९९० रुपये झालं असतं, हप्त्याहून जेमतेम दहा रुपये कमी. मग दुसरीनं तिला गाठलं असतं खरं, पण जवळजवळ ९० वर्षांनी.

दर ४ टक्के धरला, तर चित्र उलटतं. दुप्पट व्हायला १८ वर्षं लागतात, दहा वर्षांची आघाडी पुरत नाही. साठीला पहिलीकडे ३ लाख २० हजार, दुसरीकडे ४ लाख १६ हजार. आणि ८ टक्क्यांनाही दुसरीनं हप्ता साधारण १३,६०० केला, तर ती साठीला बरोबरीत येते. तेव्हा ‘रकमेला महत्त्वच नाही’ ही निव्वळ जाहिरातबाजी.

महागाई तर या हिशेबात धरलेलीच नाही. ती ६ टक्के असेल आणि दोघी बहिणी महागाईच्या बरोबरीनं हप्ता वाढवत गेल्या, तर ८ टक्क्यांतली खरी वाढ दोनाहूनही कमी उरते. मग उंबरठा ९ वर्षांवर नाही, ३७ वर्षांवर जातो.