टेप वेगळी, ड्रेसिंग वेगळं

पालखी पुण्यात मुक्कामाला आली की केमिस्टच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘पायाला फोड येतात, पट्टी द्या.’ दुकानदार बँडेडची पट्टी पुढे करतो आणि माणूस खुशीत निघून जातो. फोड येऊ नये म्हणूनही तीच, आला म्हणूनही तीच आणि फुटला तरी तीच. कात्रज ते सिंहगड रात्रीतून चालणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या पिशवीतही याहून वेगळं काही सापडत नाही.

फोड कशाने येतो हे बहुतेकांना ठाऊक असतं: घाम, घर्षण, नवे बूट. त्यात एकच भर घालतो. कातडी वरून घासून झिजते म्हणून फोड येत नाही. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचं बोट दाबून मागेपुढे हलवा. बोट जागचं सुटत नाही, पण त्याखाली कातडी ताणली जाते. चालताना टाचेचं हाड असंच आत सरकतं आणि घामाने ओली झालेली वरची कातडी मोज्याला धरून राहते. हजारो पावलं हे चाललं की मधला थर आतल्या आत फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं. त्याआधी तिथे चुरचुरतं, गरम लागतं, लालसर दिसतं. हीच टेप लावायची वेळ.

मोज्यांबद्दल थोडक्यात. ‘हंड्रेड पर्सेंट कॉटन’ हे शर्टासाठी ठीक आहे, लांब चालायला नाही. सुती मोजा घाम पितो, ओलाच राहतो आणि कातडी मऊ पाडतो. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या, बोटांवर जाड शिवण नसलेले. आत पातळ आणि वर जाड अशी जोडी उत्तम, कारण सरकायचं ते दोन मोज्यांच्या मध्ये सरकतं. पण बूट त्या जोडीसकट घालून बघा, नाहीतर बोटं आवळतील. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत असू द्या. मोजे धुऊन ओलेच पुन्हा घालणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता मुद्द्याचं. टेप ही धड कातडीसाठी असते आणि ड्रेसिंग फोडासाठी किंवा जखमेसाठी. टेप चिकटायला हवी, तर ड्रेसिंगचा जखमेवर बसणारा भाग चिकटताच कामा नये. एवढं लक्षात राहिलं तर अर्धा घोळ मिटतो. फोडावरची पातळ कातडी हेच सगळ्यात चांगलं आवरण असतं. ती शाबूत राहिली तर खाली नवी कातडी तयार होईपर्यंत जंतू बाहेर राहतात आणि दुखणंही कमी असतं. तिच्यावर थेट टेप लावली की काढताना ती टेपेबरोबर येते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. पुणे ते सासवड हा वारीतला लांब टप्पा, तीसेक किलोमीटरचा. हडपसरला त्याची टाच चुरचुरायला लागली, पण दिंडी मागे टाकेल म्हणून तो थांबला नाही. दिवे घाटाच्या पायथ्याशी बूट काढला तर रुपयाच्या नाण्याएवढा फोड. त्यावर त्याने कापडी टेप घट्ट ताणून लावली. सासवडला ती एका झटक्यात ओढली, सोबत फोडाचं वरचं सालही आलं, आणि पुढचा मुक्काम टेम्पोतून.

हडपसरला पाच मिनिटं थांबला असता तर टेपेने काम भागलं असतं. पाय पुसून पूर्ण कोरडा करायचा. तेल, व्हॅसलीन काही असेल तर आधी काढायचं, नाहीतर टेप सरकते आणि तिची घडीच नवा फोड आणते. तुकडा चुरचुरणाऱ्या जागेपेक्षा सगळीकडून बोटभर मोठा कापायचा, कोपरे गोल करायचे, न ताणता टेकवायचा आणि अर्धा मिनिट हाताने दाबून धरायचा. बोटांना मी कागदी टेप लावतो. २०१६ साली लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साध्या कागदी टेपेने फोड लक्षणीय कमी झाले होते. टाचेवर मात्र ती पावसात टिकत नाही, तिथे कापडी. काढताना भिजवून, हळूहळू, कातडीला समांतर दुमडत.

घाटाच्या पायथ्याशी मात्र टेपेची वेळ गेली होती. लहान, न दुखणारा फोड तसाच सोडावा. पण टाचेवर टचटचीत भरलेला आणि अजून घाट चढायचा असलेला फोड वाटेत कुठेतरी, घाणीत फुटणारच. तो आपण स्वच्छ फोडलेला बरा. हात धुवायचे, फोडावर पोव्हिडोन आयोडीन लावायचं, केमिस्टकडची पाकीटबंद इंजेक्शनची सुई घ्यायची. मध्यावर नाही, कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पाडायची आणि गॉजने हलकेच दाबून पाणी काढायचं. साल जागेवरच ठेवायचं. वर व्हॅसलीनचा पातळ थर, त्यावर न चिकटणारा पॅड आणि मग टेप, तीही फक्त भोवतालच्या धड कातडीवर. रात्री उघडून बघायचं, पुन्हा भरला असेल तर पुन्हा रिकामा करायचा. आत रक्त असेल तर मात्र सुई लावायची नाही.

सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवून द्यायची पद्धत वारीत आजही जोरात आहे. दोऱ्याने पाणी झिरपत राहतं हे खरं, पण त्याच वाटेने घाण आत जाते. आजीने सांगितलं असलं तरी नको.

आणि साल गेलंच तर? मग ती उघडी जखम. पिण्याच्या पाण्याने धुवायची. हळद, टूथपेस्ट, कडक अँटिसेप्टिक यांतलं काही नको. लोंबणारी मेलेली कातडी तेवढी स्वच्छ कात्रीने कापायची. मग पॅराफिन गॉज आणि वर कोरडं गॉज, किंवा हायड्रोकोलॉइडची पट्टी. ही पट्टी महाग असते, पण उघड्या फोडावर माझी पसंती तिलाच. ती जखमेतला ओलावा शोषून पांढरट फुगते. लोक तिला पू समजून रोज उपटतात आणि रोज नवी कातडी सोलतात. कडा सुटेपर्यंत किंवा पाणी गळेपर्यंत, म्हणजे काही दिवस, तिला हात लावू नका. साल शाबूत असलेल्या फोडावर ती लावू नका, कारण तिथे तीही टेपेसारखीच चिकटून साल घेऊन येते.

खरा पू घट्ट, पिवळट-हिरवट आणि दुर्गंधी असतो. भोवतालची लाली पसरते, जागा गरम होते, ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर घरी सुई लावायचीच नाही, फोड केवढाही असो. अशा माणसाला चुरचुरणंही कळत नाही, म्हणून त्याने प्रत्येक विसाव्याला मोजे काढून दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासायचे किंवा सोबत्याकडून तपासून घ्यायचे.