फोटोतला ३ की ८: एका काजू युनिटचा रोख प्रवाह वाचताना

प्रकल्प अहवाल ऐंशी पानांचा असतो, पण व्हॉट्सअॅपवर फिरतो तो त्यातल्या एकाच पानाचा फोटो. त्या पानावर रोख प्रवाहाचा तक्ता असतो. तो ट्यूबलाइटखाली तिरका धरून टिपलेला, कडेला अंगठ्याची सावली आणि मधल्या घडीवर एखादा आकडा पुसट झालेला. त्या पुसट आकड्यावर कधीकधी सगळा निर्णय अवलंबून असतो.

उदाहरण म्हणून तळकोकणातले एक लहान काजू प्रक्रिया युनिट घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बेतले आहेत, पण अशा अहवालांची ठेवण अशीच असते. युनिट स्वतः बी विकत घेऊन साठवत नाही. शेतकऱ्यांची बी वाफवून, फोडून, वाळवून, सोलून देते आणि किलोमागे मजुरी घेते. शेड, बॉयलर, कटर, ड्रायर आणि ३ लाखांचे खेळते भांडवल धरून सुरुवातीचा खर्च २४ लाख. फोटोत एक ओळ निव्वळ रोख प्रवाहाची आहे: (२४.००), ५.००, ७.००, मग घडीवरचा एक आकडा जो ३.०० असेल किंवा ८.००, पुढे ८.०० आणि ९.००. कंस म्हणजे पैसे बाहेर गेले. पहिला रकाना 'वर्ष ०', म्हणजे आज.

डोळे बारीक करून त्या घडीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. उत्तर तक्त्यातच, खालच्या ओळीत असते. 'संचित रोख प्रवाह' नावाची ही ओळ दरवर्षीची शिल्लक मागच्या शिलकीत मिळवत जाते: (२४.००), (१९.००), (१२.००), (४.००), ४.००, १३.००. दुसऱ्या वर्षाअखेर १२ लाख वसूल व्हायचे बाकी होते, तिसऱ्या वर्षाअखेर ४ लाख. म्हणजे तिसऱ्या वर्षी ८ लाख आले. ३ असता तर बाकी ९ दिसली असती. असाच ताळा पहिल्या रकान्याचाही घ्यावा, कारण फोटोत कंसाची फिकट रेघ सहज हरवते आणि गुंतवणूक उत्पन्नासारखी दिसू लागते. शिवाय पानाच्या कोपऱ्यातले 'रुपये लाखांत' हे शब्द कापले गेले असतील, तर हिशेबाला हात लावण्याआधी पूर्ण पान पुन्हा मागवावे.

संचित ओळ हाती आली की साधा परतफेड कालावधी तिथेच सापडतो. तिसऱ्या वर्षाअखेर ४ लाख बाकी आणि चौथ्या वर्षी ८ लाख येणार, म्हणून निम्मे वर्ष. एकूण साडेतीन वर्षे. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हाच आकडा असतो. यात चौथ्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाइतकाच मोलाचा धरलेला असतो, आणि माझा आक्षेप त्याला आहे. ज्याने २४ लाख घातले त्याने ते कुठूनतरी आणलेले असतात. समजा ७० टक्के रक्कम ११ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली आणि ३० टक्के स्वतःची घातली, ज्यावर जोखीम लक्षात घेता त्याला १५ टक्के मिळायला हवेत. भारित सरासरी ७.७ अधिक ४.५, म्हणजे १२.२. आपण १२ टक्के धरू. हा झाला वटाव दर, सीए ज्याला डिस्काउंट रेट म्हणतात तो.

आजचे १०० रुपये या दराने वर्षभरात ११२ होतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या ११२ रुपयांची आजची किंमत १००, आणि वर्षाने मिळणाऱ्या १ रुपयाची किंमत १ भागिले १.१२, म्हणजे ०.८९२९. दोन वर्षांनी मिळणाऱ्या रुपयासाठी हीच संख्या पुन्हा १.१२ ने भागायची: ०.७९७२. असे दर पायरीला एकदा भागत पाचव्या वर्षापर्यंत जायचे. पूर्वी हे भागाकार छापील कोष्टकांतून घेत असत. फ्लँडर्समधल्या सायमन स्टेव्हिनने अशी व्याजकोष्टके १५८२ मध्ये छापून सर्वांसाठी खुली केली. त्याआधी ती बहुतेक सावकारी पेढ्यांच्या हस्तलिखितांत जपून ठेवलेली असत.

आता आपला तक्ता, लाख रुपयांत:

| वर्ष | रोख प्रवाह | गुणक | आजची किंमत | संचित बेरीज |
|---|---|---|---|---|
| ० | −२४.०० | १.०००० | −२४.०० | −२४.०० |
| १ | ५.०० | ०.८९२९ | ४.४६ | −१९.५४ |
| २ | ७.०० | ०.७९७२ | ५.५८ | −१३.९६ |
| ३ | ८.०० | ०.७११८ | ५.६९ | −८.२७ |
| ४ | ८.०० | ०.६३५५ | ५.०८ | −३.१९ |
| ५ | ९.०० | ०.५६७४ | ५.११ | १.९२ |

शेवटच्या रकान्यातला शेवटचा आकडा, १.९२ लाख, हे निव्वळ वर्तमान मूल्य. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हा पाच वर्षांचा नफा नाही. कर्जावरचे व्याज आणि मालकाला अपेक्षित असलेले १५ टक्के, दोन्ही देऊन झाल्यावर वर जे उरते त्याची आजची किंमत म्हणजे हे १ लाख ९२ हजार. म्हणूनच शून्य मूल्याचा प्रकल्प तोट्याचा नसतो. तो मागितलेला दर बरोबर तेवढाच देतो, जास्त काही नाही.

आता ती घडी आठवा. तिसऱ्या वर्षी ८ ऐवजी ३ वाचले असते, तर त्या वर्षाची आजची किंमत ५.६९ ऐवजी २.१४ झाली असती आणि अंतिम उत्तर उणे १.६३ आले असते. एका पुसट आकड्याने होकाराचा नकार झाला असता. फोटोची उजवी कड कापली जाऊन पाचवे वर्षच गेले असते, तर उत्तर उणे ३.१९. मात्र साधा परतफेड कालावधी तेव्हाही साडेतीन वर्षेच राहिला असता, कारण पैसे वसूल झाल्यानंतरच्या वर्षांकडे तो बघतच नाही. यंत्र पाचव्या वर्षी भंगारात जाणार की पंधरा वर्षे चालणार, याने त्याला काही फरक पडत नाही. रोकड किती काळ अडकेल हे सांगायला तो ठीक आहे, पण प्रकल्प घ्यावा की नाही हे त्याला विचारू नये.

वटाव केलेल्या रकान्यावरूनही परतफेड मोजता येते, आणि मी नेहमी तीच मागतो. चौथ्या वर्षाअखेर ३.१९ बाकी, पाचव्या वर्षी ५.११ येणार. भागाकार ०.६२, म्हणजे सुमारे ४ वर्षे साडेसात महिने. साडेतीनच्या तुलनेत वर्षाहून जास्त. पण इथे एक खाच आहे. असा भागाकार करताना पैसा वर्षभर सारख्या धारेने येतो असे आपण गृहीत धरतो. पाचव्या वर्षाच्या ९ लाखांत ३ लाख हे सुरुवातीला घातलेले खेळते भांडवल आहे, जे वर्ष संपल्यावर एकदम मोकळे होणार. धंद्यातून येणारे फक्त ६ लाख, त्यांची आजची किंमत ३.४०. त्यातून ३.१९ भरून निघायला जवळजवळ पूर्ण वर्ष लागते. खरे उत्तर ४ वर्षे ११ महिन्यांच्या आसपास. अहवालात शेवटच्या वर्षाचा आकडा अचानक फुगलेला दिसला, तर त्यात धंदा किती आणि परत आलेले भांडवल किती, हे आधी वेगळे काढावे.

'निव्वळ रोख प्रवाह' या ओळीत काय काय आले आहे, हेही तपासावे लागते. घसारा हा हिशेबातला खर्च आहे, तो भरण्यासाठी कुणी रोकड देत नाही. म्हणून नफ्यात तो परत मिळवलेला हवा. व्याज मात्र या ओळीतून वजा केलेले नको, कारण व्याजाची किंमत १२ टक्क्यांच्या दरात आधीच आली आहे. दोन्हीकडे धरले तर प्रकल्पाला एकाच व्याजाचा भुर्दंड दोनदा बसतो. बँकेसाठी बनवलेल्या तक्त्यात बहुधा हप्ते आणि व्याज वजा केलेले असतात, कारण कर्ज फिटेल का एवढेच बँकेला बघायचे असते. तो तक्ता उचलून त्याला असा वटाव लावला की चांगला प्रकल्पही आजारी दिसतो.

एक्सेलमध्ये करायचे तर आणखी एक चूक फार जणांकडून होते. निव्वळ वर्तमान मूल्याचे त्यातले सूत्र, NPV, पहिली रक्कम आज नव्हे, वर्षाअखेर आली असे मानते. B2 मध्ये वर्ष ० आणि C2 ते G2 मध्ये पुढची पाच वर्षे असतील, तर असे लिहावे:

```
=NPV(12%,C2:G2)+B2
```

उत्तर १.९३ येते. आपल्या १.९२ शी असलेला फरक दशांश तोडल्याचा. पण B2 सुद्धा कंसात कोंबला, तर सगळ्याच रकमा एक वर्ष जास्त मागे सरकतात आणि १.७२ दिसते. चिन्ह बदलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

उत्तर शून्याच्या वर आले म्हणजे झाले, असे नाही. दर १५ टक्के केला की पाच वर्षांच्या आजच्या किमतींची बेरीज २३.९५ होते आणि मूल्य शून्याच्या किंचित खाली जाते. म्हणजे हा प्रकल्प १५ टक्क्यांच्या जरासा अलीकडे तग धरतो. दराहून मोठा धोका उशिराचा आहे. शेड बांधून झाली, यंत्रे बसली, २४ लाख गेले, पण थ्री फेज वीजजोडणी वर्षभर रखडली असे समजा. त्या वर्षीचा भाडे-पगाराचा खर्च सोडला तरी पाचही वर्षांची आवक एकेक वर्ष पुढे सरकते. १२ टक्क्यांना त्यांच्या आजच्या किमतींची बेरीज २५.९२ होती, तिला पुन्हा एकदा १.१२ ने भागायचे: २३.१४. मूल्य उणे ८६ हजार. साधी परतफेड तेव्हा साडेतीनऐवजी साडेचार वर्षे दाखवते, जी ऐकायला अजूनही ठीकच वाटते. म्हणून अशा युनिटच्या मालकाने यंत्राच्या किमतीत दोन टक्के सूट मागण्याआधी वीजजोडणीच्या मंजुरीची तारीख लेखी मागावी. यंत्र १५ लाखांचे धरले तर ती सूट ३० हजारांची होते, आणि वर्षभराचा उशीर २ लाख ७८ हजार खातो.