अकॉन्ड्रोप्लेजिया : बालवयातील कणा आणि पाय

हाडांच्या वाढीतील जन्मजात दोषांचे (स्केलेटल डिस्प्लेजिया) शेकडो प्रकार आहेत. त्यांपैकी अकॉन्ड्रोप्लेजिया हा सर्वांत अधिक आढळणारा. साधारण २५,००० जन्मांमागे एका बाळात तो दिसतो. एफजीएफआर३ हे जनुक कूर्चेच्या वाढीला लगाम घालते. त्यातील एका ठराविक बदलामुळे हा लगाम कायम ओढलेला राहतो आणि लांब हाडे आखूड राहतात. हे कारण १९९४ साली उलगडले. सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, कारण बदल त्या बाळातच नव्याने झालेला असतो. गरोदरपणातील खाणेपिणे, ग्रहण किंवा आईची एखादी चूक यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

दंड आणि मांड्या विशेष आखूड, कपाळ पुढे आलेले, नाकाचा पूल बसका, मधले आणि अनामिका ही बोटे एकमेकांपासून फाकल्यामुळे त्रिशुळासारखा दिसणारा पंजा, पूर्ण सरळ न होणारे कोपर अशी याची ठेवण असते. बुद्धी सामान्य असते. प्रौढ पुरुषांची उंची सरासरी १३१ सें.मी. आणि स्त्रियांची १२४ सें.मी.च्या आसपास राहते. मात्र घरच्यांचे लक्ष उंचीवर खिळते आणि पहिल्या दोन वर्षांत जपायचा कणा मागे पडतो.

कवटीच्या तळाशी मज्जारज्जू बाहेर पडण्याचे छिद्र या बाळांत अरुंद असते. तेथे दाब पडला तर झोपेत श्वास थांबू शकतो आणि बाळ अचानक दगावू शकते. त्यामुळे पहिल्या वर्षात झोपेची तपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि डोक्याच्या घेराची नियमित नोंद आवश्यक असते. ही नोंद अकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुलांसाठी बनवलेल्या तक्त्यावरच करावी, कारण साध्या तक्त्यावर यांचे डोके बहुतेकदा मोठे ठरते. मान तोललेली नसताना डोक्याला हिसका बसू देऊ नये. मालिश करताना मान ताणणे किंवा बाळाला डोके धरून उचलणे कटाक्षाने टाळावे.

कण्याचा प्रश्न बसण्यातून सुरू होतो. डोके जड, स्नायू सैल, सांधे ढिले. असे बाळ लोड-उशांच्या आधाराने बसवले की पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सगळा भार छाती व कंबर यांच्या सांध्यावरील मणक्यांच्या पुढच्या कडेवर पडतो. रोज दाब पडत राहिला तर ती कडा वाढत नाही, मणका पाचरीसारखा होतो आणि पोक पक्के होते. कापडी झोळीतही पाठीची हीच अवस्था होते. त्यामुळे बाळ स्वतःहून बसेपर्यंत त्याला बसवू नये; पोटावर किंवा सपाट पाठीवर ठेवावे, आणि उचलताना पाठीला हाताचा आधार द्यावा. ही मुले सरासरी दीड वर्षाच्या सुमारास चालू लागतात. कधी दोन वर्षेही उलटतात. त्यात घाई करण्यासारखे काही नाही.

एक नमुना पाहू. दहा महिन्यांच्या बाळाच्या बसलेल्या स्थितीतील बाजूच्या एक्स-रेत पोक ४० अंशांचे दिसते. हा आकडा ऐकून आई हादरते, पण निर्णय त्यावर होत नाही. बाळाला पालथे झोपवून, पाठ मागे वळेल अशा बेताने दुसरा एक्स-रे काढतात. पोक १५ अंशांवर आले तर ते लवचिक आहे. बसवणे बंद करून काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. ते ३० अंशांच्या वरच अडून राहिले, तर पक्के होऊ लागले असे समजून पट्टा (ब्रेस) देतात. चालू लागल्यावर कंबरेची कमान तयार होते आणि बहुतेकांचे पोक आपोआप जाते. ज्यांचे जात नाही, मणका पाचरीसारखा राहतो, त्यांच्यापैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया लागते.

पाय बाहेरच्या बाजूला वाकणे ही दुसरी तक्रार. त्यात गुडघ्याचा सैलपणा आणि नडगीचा पीळ यांचा वाटा असतो, त्यामुळे नुसता एक्स-रे पुरत नाही. मूल चालताना गुडघा बाहेर फेकला जातो का, हे पाहावे लागते. दुखत नसेल आणि वाकणे वाढत नसेल तर वाट पाहतात. दुखणे किंवा वाढता बाक असेल, तर वाढ शिल्लक असताना हाडाच्या वाढपट्टीच्या एका बाजूला छोटी धातूची पट्टी बसवून वाढीला दिशा देतात, किंवा नंतर हाड कापून सरळ करतात. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेने उंची वाढते, पण मज्जारज्जू आणि नसा जिच्यातून जातात ती कण्याची नलिका रुंद होत नाही. २०२१ पासून काही देशांत मंजूर झालेले व्होसोरिटाइड हे रोजचे इंजेक्शन वाढीचा वेग थोडा वाढवते. तरीही कण्याची तपासणी चालू ठेवावीच लागते.

या मुलांत कण्याची नलिका जन्मतः अरुंद असते. इतरांत कंबरेच्या मणक्यांमध्ये ती खाली रुंद होत जाते, यांच्यात उलट निमुळती होते. त्रास बहुधा प्रौढपणी होतो, पण शाळकरी वयातही दर तपासणीला विचारावे : किती चालल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात का, वाटेत उकिडवे बसल्यावर बरे वाटते का? कंबर वाकवली की नलिकेत जागा होते म्हणून हा आराम मिळतो. पूर्वी शाळेपर्यंत सलग चालणारे मूल आता वाटेत दोनदा उकिडवे बसत असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एमआरआय करावे.