कोल्हापूर प्रकरण : एक घटना, दोन बाजू आणि बनावट पत्रे

‘वस्तुस्थिती, मत आणि पूर्वग्रह’ हा धडा कोल्हापुरातल्या वर्गात शिकवायचा, तर उदाहरणासाठी गावाबाहेर जायची गरज नाही. १८८१ ते १८८३ या काळातले चौथे शिवाजी महाराज यांचे प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लोरेन्स येथे वारले. त्यांच्या गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज तेव्हा लहान होते, त्यामुळे राज्याचा कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चालला. पुढे रावबहादूर माधवराव बर्वे कारभारी झाले. महाराज वयात येऊ लागले तशी त्यांच्या प्रकृतीची चर्चा सुरू झाली आणि इथून पुढे हकिकतीला दोन फाटे फुटतात.

सरकारी कागदांत महाराजांच्या मनाचा तोल गेलेला दिसतो, म्हणून त्यांच्यावर पहारा आणि वैद्यकीय देखरेख ठेवणे भाग होते. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पुण्याच्या पत्रांनी मात्र महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभाऱ्यांचा हात आहे अशी बाजू मांडली. बर्वे यांच्या नावाची काही पत्रे हा या आरोपाचा मोठा आधार होता. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

या प्रकरणात विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतात ते पत्रांपाशी. पत्र म्हणजे अस्सल साधन आणि बखर म्हणजे ऐकीव, असे आपण त्यांना शिकवलेले असते. पण पत्रातला मजकूर वाचण्याआधी ते पत्र कुणाच्या हातचे, कुणाकडून आले, मूळ आहे की नक्कल, हे विचारावे लागते. हे झाले बाह्य परीक्षण. मजकूर खरा वाटतो का, लिहिणाऱ्याला ती गोष्ट माहीत असणे शक्य होते का, हे आंतरिक परीक्षण त्याच्या नंतर येते. पुण्यात बसून कोल्हापूरच्या वाड्यातले लिहिणाऱ्यांकडे पहिल्या परीक्षणाची सोय अपुरी होती आणि आरोप मात्र गंभीर होता.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. पत्रे बनावट ठरली, म्हणजे महाराजांना नीट वागवले जात होते हे सिद्ध झाले का? नाही. न्यायालयापुढचा प्रश्न बर्वे यांच्या अब्रूचा होता, महाराजांच्या दिनक्रमाचा नव्हता. ‘पत्रे बनावट होती’ ही वस्तुस्थिती आहे. त्यावरून ‘छळ झालाच नाही’ असे म्हणणे हे मत, आणि ‘पत्रे खोटी असली तरी छळ झालाच’ हेही मतच. महाराज वेडे होते हे विधानसुद्धा सरळ वस्तुस्थितीच्या रकान्यात टाकू नये. तसे कुणी ठरवले, त्याला नेमले कुणी, आणि महाराज सक्षम ठरले असते तर अधिकार कुणाला सोडावे लागले असते, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात.

पूर्वग्रह शोधताना कोल्हापुरात एक चूक हमखास होते. छत्रपतींचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की नाही या वेदोक्त प्रकरणात एकमेकांविरुद्ध उभे असलेले टिळक आणि शाहू महाराज डोळ्यांसमोर ठेवून मुले मागचे वाचतात. पण तो वाद जवळजवळ वीस वर्षांनंतरचा आहे. १८८२ साली टिळक छत्रपतींच्या बाजूने लिहून तुरुंगात गेले, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिले ते कारभारी संपादकांसारखेच ब्राह्मण होते. नुसत्या जातीवरून कल ठरवायला गेलो तर हे प्रकरण उलगडतच नाही. इथे पाहायचे ते हितसंबंध. एका बाजूला वर्षभराचे वर्तमानपत्र, गादीविषयी लोकांच्या मनातला आदर आणि परकी सत्तेविषयीचा राग आहे. दुसऱ्या बाजूला आपल्या देखरेखीत काही चुकले नाही हे दाखवण्याची सरकारची गरज.

२५ डिसेंबर १८८३ रोजी महाराज अहमदनगर येथे वारले. ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत प्लीहा फुटून मृत्यू आला, अशी सरकारी हकिकत आहे. लोकांनी त्याला खून म्हटले. दोन्ही बाजूंना मान्य असलेले तेवढे आधी वेगळे काढले तर तारीख, गाव, पहारा आणि ग्रीनशी झालेली झटापट हाती लागते. परस्परविरोधी पक्ष जे नाकारत नाहीत, त्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवता येतो. झटापट सुरू कुणी केली, हे मात्र सरकारी कागदावरूनच कळते, आणि पहाराही सरकारचाच होता. म्हणून ते वाक्य वर्गात ‘सरकारच्या म्हणण्यानुसार’ या शब्दांनीच सुरू करून लिहून घ्यावे.